पोळपाटापासून की पार्सलपासून? लोणचं-पापडाच्या जाहिरातीच्या दोन संहिता

बचत गटाच्या लोणचं-पापडाची 30 सेकंदांची जाहिरात लिहायला बसलं की दोन तऱ्हा समोर येतात. एक पोळपाटापासून सुरू होते आणि बाटलीवर संपते. दुसरी गिऱ्हाइकाच्या दारात पार्सल उघडण्यापासून सुरू होते आणि मग मागे, गटाच्या कामाच्या जागी जाते.

पहिलीचं बळ पापडात आहे. तेलाचा हात लावून कुटलेलं उडदाचं पीठ, त्याची वळकटी करून दोऱ्याने पाडलेल्या लाट्या, आणि उजेडाला धरलेल्या पापडापलीकडे दिसणारी बोटं. एवढं दाखवलं की ‘घरगुती’ हा शब्द उच्चारायचीही गरज उरत नाही. फक्त लाटणाऱ्या बायकांच्या डोक्याला टोपी हवी, अनोळखी गिऱ्हाईक आधी तेच बघतं.

लोणच्यात मात्र ही संहिता अडते. कैऱ्या उन्हाळ्यातच मिळतात. दिवाळीच्या ऑर्डरसाठी जाहिरात करायची तर फोडींचं चित्रण मे महिन्यातच करून ठेवावं लागतं. शिवाय चित्रण करणारा हमखास म्हणतो, ‘गरम फोडणी फोडींवर ओता, वाफ छान दिसेल.’ ते करू नका. फोडणी गार करूनच फोडींत कालवतात, नाहीतर फोडी मऊ पडतात, आणि लोणचं घालणारी कुठलीही बाई ही चूक लगेच ओळखते. वाफ हवीच असेल तर वेगळ्या पातेल्यातल्या मोहरीच्या डाळीवर आणि हिंगावर फोडणी घाला, तो मसाला निवू द्या आणि मग कालवा.

दुसरी संहिता वर्षभरात कधीही चित्रित होते आणि ऑनलाइन घेणाऱ्याच्या खऱ्या धास्तीला उत्तर देते: तेल गळेल का, पापडांचा चुरा होईल का? त्यातलं एक दृश्य मला फार मोलाचं वाटतं:

*दृश्य:* सीलबंद बाटली पांढऱ्या कागदावर उलटी धरलेली. कागद कोरडा.
*आवाज (गटातल्या ताई):* ‘झाकणाखाली सील आहे. तेल बाटलीतच राहतं.’
*दृश्य:* खाली-वर पुठ्ठा लावलेलं पापडाचं पाकीट उघडतं, गड्डी अख्खी बाहेर येते. एक पापड विस्तवावर फुलतो.

हे दाखवायचं तर पॅकिंग खरंच तसं हवं. नुसतं झाकण घट्ट पिळलेली बाटली प्रवासात पाझरतेच. तसं असेल तर जाहिरात थांबवा, आधी सील करून घ्या.

गावच्या जत्रेत किंवा प्रदर्शनात चव घेतलेल्या लोकांकडूनच पुन्हा ऑर्डर हवी असेल तर पहिली पुरे. परगावचं नवं गिऱ्हाईक हवं असेल तर मी दुसरीच घेईन, आणि तिच्या मध्यात लाट्या पाडण्याचं दृश्य ठेवीन. अखेरचे पाच सेकंद लेबल जवळून दाखवा: घटक, वजन, तयार केल्याची तारीख, 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक. त्याच चौकटीत किंमत, कुरिअरचा खर्च आणि ऑर्डरचा व्हॉट्सअॅप नंबर मोठ्या अक्षरात द्या. कुरिअरचा खर्च लपवला तर तोच प्रश्न दिवसभर फोनवर येत राहतो.