नकाराच्या मेलला उत्तर: ‘कुठे कमी पडले’ विचारायचं, की ‘पुढे लक्षात ठेवा’ म्हणायचं?

फोंड्याहून भाचीचा फोन आला. “मामा, वेर्ण्याच्या कंपनीचा मेल आला, दुसऱ्या कुणाला घेतलं म्हणे. आता काय चुकलं ते विचारू, की पुढच्या वेळी बोलवा म्हणून लिहू? दोन्ही लिहून टाकते.”

औषध कंपन्यांच्या भरतीचं काम मी बरीच वर्षं केलं आहे. मी म्हटलं, दोन्ही नको. दोन मागण्या एका मेलमध्ये आल्या की एचआरचा माणूस त्यातली सोपी उचलतो, ‘तुमचा बायोडेटा आमच्याकडे ठेवला आहे’ एवढं लिहितो आणि मोकळा होतो. कठीण प्रश्न तिथेच राहतो.

या दोन मागण्यांची दारंही वेगळी आहेत. तुम्ही कुठे कमी पडलात हे तांत्रिक फेरी घेणाऱ्याला ठाऊक असतं. पुढच्या नावांची यादी असते एचआरकडे. म्हणून आधी आपण कोणत्या फेरीत गळलो ते बघायचं.

भाचीची एक वर्गमैत्रीण त्याच पदासाठी तांत्रिक फेरीतच बाहेर पडली होती. तिने कारण विचारणं योग्य. मात्र ‘मला का नाकारलं?’ असं विचारलं तर उत्तर येत नाही. लेखी कारण दिलं की उमेदवार ‘मग अमक्याला कसं घेतलं?’ म्हणून वाद घालेल, ही एचआरची धास्ती असते. प्रश्न छोटा, स्वतःपुरता आणि मेल जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा हवा. तिने लिहिलं ते इंग्रजीत, मतलब असा:

“कळवल्याबद्दल आभार. मंगळवारच्या फेरीत डायल्यूशनच्या गणितात मी अडखळले, हे मला जाणवलं. तेवढंच होतं, की एचपीएलसीची तयारीही कमी वाटली? सरांनी एका ओळीत सांगितलं तरी पुरे. फोन सोयीचा असेल तर उद्या दुपारी चारनंतर मी मोकळी आहे.”

फोनचा पर्याय मुद्दाम दिला. जे लिहायला माणूस कचरतो, ते बोलून टाकतो. तिला फोनच आला: गणित चाललं असतं, पण एचपीएलसी यंत्राच्या आलेखावरचा पीक नीट येत नसेल तर आधी काय तपासशील, यावर ती गप्प राहिली होती. तिच्या ते लक्षातही नव्हतं.

या पत्राची किंमतही आहे. आपली उणीव आपणच लेखी देतो. जो शेवटपर्यंत पोचला होता, त्याने ती का द्यावी?

भाची शेवटपर्यंत पोचली होती. एचआर फेरीत तिला पगाराची अपेक्षा विचारली, कधी रुजू होशील तेही विचारलं. एवढी चौकशी झाली, म्हणजे तांत्रिक फेरी बहुधा निभावली होती. अशा वेळी दुसरं पत्र लिहावं. निवडलेल्या माणसाला जुन्या नोकरीत बहुतेक एक ते तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्या काळात जुनी कंपनी पगार वाढवते, किंवा त्याला तिसरीकडे चांगलं मिळतं, आणि रुजू व्हायच्या दिवशी तो येतच नाही. मग एचआर नव्याने जाहिरात देण्याआधी मागची नावं उघडतो. तिथे उपयोगी पडेल ते लिहायचं:

“क्वालिटी कंट्रोलच्या याच पदासाठी, किंवा अशाच दुसऱ्या जागेसाठी, गरज पडली तर जरूर कळवा. मी फोंड्यातच आहे, पंधरा दिवसांत रुजू होऊ शकते.”

‘आपल्या नामांकित संस्थेत’ वगैरे काही नको. पद आणि रुजू होण्याची मुदत, याच दोन गोष्टी तिथे वाचल्या जातात. हॉटेलात नकार आला असेल तर हंगामाचंही भान ठेवा: नोव्हेंबरात ‘लक्षात ठेवा’ लिहिण्यापेक्षा ‘पुढच्या हंगामाच्या भरतीआधी, ऑगस्टमध्ये पुन्हा अर्ज करते’ असं लिहिलेलं जास्त कामाचं.

दोन्ही पत्रं आलेल्या मेललाच उत्तर म्हणून, एक-दोन दिवसांत जावीत. मागची साखळी दिसली की वाचणाऱ्याला तुम्हाला शोधावं लागत नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात noreply असेल, किंवा मुलाखतीपर्यंतच गेला नसाल, तर दोन्ही पत्रं सोडा. तिथे तुम्हाला ओळखणारं कुणी नाही.

सरकारी भरतीचं प्रकरण निराळं. तिथे गोड पत्राऐवजी माहिती अधिकाराचा अर्ज करावा. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका मागण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे, आणि उत्तराची मुदत साधारण ३० दिवसांची आहे.

भाचीला ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर आलं. तिला सांगितलंय, दोन महिन्यांनी एकदाच आठवण दे, तीही त्याच मेलखाली. तोवर कुंडईच्या एका कंपनीत तिचा अर्ज गेला आहे.