पैसे बँकेतून गेले, पण मालकाला पोचलेच नाहीत

उद्यमबागेत लेथवर पंधरा वर्षं काम करून साठवलेले पैसे होते. खानापूर तालुक्यातल्या गावाहून रोजची ये-जा थांबावी, मुलीला शाळा जवळ पडावी म्हणून आम्ही टिळकवाडीच्या बाजूला एक जुना फ्लॅट बघितला. भाव ठरला ३६ लाख. त्यात माझे ७ लाख १ हजार अडकले आणि अडीच लाख कायमचे गेले. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणी आज फ्लॅट बघत असेल, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा.

विकणारे गृहस्थ माझ्याच वयाचे, बोलायला गोड. एजंटही ओळखीचा. त्यांनी खाता उतारा समोर ठेवला. उतारा कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, पण वाचायचं म्हटलं की अक्षरं जोडत बसावं लागतं. गृहस्थांनी मालकाच्या रकान्यात एका नावावर बोट ठेवलं. मी अक्षरं जुळवली, नाव त्यांचंच होतं. त्या नावाआधी काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही. तिथं त्यांच्या बायकोचं नाव होतं आणि मग ‘कोम’. आपल्या जुन्या मराठी कागदांतही हा शब्द असतो, अमक्याची बायको अशा अर्थी. म्हणजे फ्लॅट बाईंचा होता आणि हे गृहस्थ त्या कागदावर फक्त नवरा म्हणून होते.

संचकार म्हणून ५१ हजार मी त्यांच्या मोबाईल नंबरवर युपीआयनं पाठवले. एका वहीच्या पानावर त्यांनी ‘फ्लॅटचे टोकन पोचले’ एवढं लिहून सही दिली. रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज आला, ‘टोकन मिळालं, फ्लॅटचे पुढचे चार लाख सोमवारी आरटीजीएस करा.’ मी त्या मेसेजकडं तेव्हा नीट बघितलंही नाही.

सोमवारी ते स्वतः माझ्याबरोबर बँकेत आले. फॉर्म भरून दिला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, ‘रिमार्कला काय टाकू?’ मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, ‘फॅमिली टाका मॅडम, म्हणजे उगाच चौकशी लागत नाही.’ मला ते खरंच वाटलं. पावती खिशात घालून बाहेर पडलो. चौथ्या दिवशी भिशी उचलून अडीच लाख रोख दिले. खरेदी सरकारी किमतीएवढी दाखवू, बाकीचे वरून द्या, असं ठरलं होतं. त्या पैशांची चिठ्ठी मागितली तर म्हणाले, ‘आपल्यात कसली चिठ्ठी? करारपत्रात येईलच की.’ करारपत्राचा वकील त्या आठवड्यात गावाला गेला होता. नंतरही तो आला नाही.

दोन महिने आज-उद्या करण्यात गेले. शेवटी माझ्या मेहुण्यानं सब-रजिस्ट्रारकडची ईसी, म्हणजे त्या फ्लॅटच्या नोंदलेल्या व्यवहारांचा दाखला, काढली. फ्लॅट बाईंनी दुसऱ्याला विकलेला, रीतसर नोंदवून. मी नोटीस पाठवली. बाईंच्या वकिलाचं उत्तर आलं: मला एक पैसा मिळालेला नाही, मी कशावर सही केलेली नाही, नवऱ्याला मुखत्यारपत्र दिलेलं नाही. त्यातला शब्द न् शब्द कागदावर खरा होता. नवऱ्याचं उत्तर त्याहून कडू होतं. हे चार लाख मी यांना हातउसने दिले होते, ते त्यांनी परत केले, बँकेच्या नोंदीतही ‘फॅमिली’ असंच आहे.

बँकेतून पैसे दिले म्हणजे पुरावा झाला, असं मी समजत होतो. बँकेची नोंद एवढंच सांगते की अमक्या तारखेला अमक्या खात्यातून तमक्या खात्यात इतकी रक्कम गेली. ती कशासाठी गेली हे नोंदीवरून कळत नाही, आणि ज्याच्या खात्यात गेली तोच मालक आहे का हेही कळत नाही. या दोन गोष्टी आपल्यालाच कागदानं जोडाव्या लागतात.

माझे चार लाख त्या मेसेजनं वाचवले. त्यात टोकन, फ्लॅट, रक्कम आणि वार, सगळं एका ओळीत होतं, आणि सोमवारच्या आरटीजीएसशी ते तंतोतंत जुळत होतं. वकिलांनी स्क्रीनशॉटवर भागवलं नाही. शाखेतून स्टेटमेंटची सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत काढायला लावली, कारण कोर्टात बँकेच्या वहीची तीच नक्कल चालते. मोबाईलही बदलू दिला नाही. अकरा महिन्यांनी समोरच्यानं तडजोड केली आणि ४ लाख ५१ हजार दोन हप्त्यांत परत केले. अडीच लाखांचा विषय निघाला की तो गप्प. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यानं २०१५ पासून मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला, घेतलेल्या रकमेएवढा. मग तो कबूल कशाला करेल?

गेल्या वर्षी वडगावात फ्लॅट घेतला, तेव्हा सगळं उलट्या क्रमानं केलं. आधी ईसी आणि उतारा कन्नड वाचणाऱ्या वकिलाकडून शब्दन् शब्द वाचून घेतला. मालक दोघे भाऊ निघाले, म्हणून टोकनही दोघांच्या खात्यांत निम्मं-निम्मं. आरटीजीएस किंवा एनईएफटी करताना खातेदाराचं नाव आधी दाखवायची सोय २०२५ च्या एप्रिलपासून बँकांना द्यावी लागते. ते पडद्यावरचं नाव मी उताऱ्यावरच्या नावाशी ताडून बघितलं. पैसे जमा होताना फक्त खाते नंबर बघितला जातो, नाव नाही. एक मात्र ध्यानात ठेवा, माझ्या पहिल्या व्यवहारातही हे नाव बरोबरच दिसलं असतं, कारण खातं त्या गृहस्थांचंच होतं. ताडायचं ते उताऱ्याशी, समोर बसलेल्या माणसाशी नाही.

रिमार्कमध्ये मी स्वतः `Flat 204 advance` लिहिलं. त्याच दिवशी दोघांच्या सहीची पावती घेतली, त्यात बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला युटीआर नंबर, तारीख, फ्लॅट नंबर आणि ठरलेली पूर्ण किंमत. मग लगेच नोंदणीकृत करार. कर्जाच्या बँकेनं माझ्या हिश्शाचे पैसे भरल्याचा पुरावा मागितला, तेव्हा याच पावत्या आणि स्टेटमेंट पुढं केलं. रोख दिले असते तर तिथं दाखवायला काहीच नव्हतं.

उरलेले पैसे डिमांड ड्राफ्टनं दिले, दोन भावांच्या नावे वेगवेगळे. ड्राफ्टचे नंबर, तारीख, बँक, रक्कम खरेदीखतात टंकून घेतली, टोकनचे युटीआरसुद्धा. खरेदीखताचा मसुदा वकिलांनी मला मराठीत वाचून दाखवला. मी पावत्यांची फाईल मांडीवर घेऊन एकेक आकडा जुळवत गेलो. एका युटीआरमध्ये दोन आकडे उलटे पडले होते, ते पान परत काढायला लावलं. सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात दोघांचे फोटो, अंगठे, सह्या झाल्या आणि मगच ड्राफ्ट हातात दिले. झेरॉक्सवर ‘मूळ मिळाला’ म्हणून सही घेतली. थोरला भाऊ जरा चिडला, ‘एवढा अविश्वास?’ मी त्यांना पहिल्या फ्लॅटची गोष्ट सांगितली. त्यांनी पेन मागून घेतलं आणि तारीखही घातली.

भिशीचे ते अडीच लाख मी अजून फेडतोय, दर महिन्याच्या दहा तारखेला.