ताक, केळीच्या सालींचं पाणी आणि गांडूळखताचा अर्क: दिवाळीपासूनचा अनुभव

पुण्यात आमच्या गच्चीवर बोअरचं पाणी येतं, बादलीला पांढरा थर धरणारं. माती काळी, चुनखडीची. हे आधी सांगते, कारण पुढचं बरंचसं त्यावरच अवलंबून आहे.

गेल्या दिवाळीपासून ही तीनही घरगुती खतं मी नेमाने देतेय. प्रत्येक वेळी शेजारी त्याच झाडाची, त्याच मातीची एक कुंडी नुसत्या पाण्यावर ठेवली. नाहीतर फरक खताचा की ऋतूचा, हे कळतच नाही. थंडी सरली की कढीपत्ता आपोआप फुटतो आणि श्रेय ताकाला जातं.

कढीपत्त्याला आंबट ताक घालावं, हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. त्यात तथ्य आहे, पण कधी, ते पान बघून ठरतं. माझा कढीपत्ता शेंड्याकडून पिवळा पडत होता. कोवळी पानं पिवळट आणि शिरा मात्र हिरव्यागार. उसावर असं दिसलं की शेतकरी केवडा पडला म्हणतात. ही लोहाची कमतरता. मातीत लोह भरपूर असतं, पण चुना आणि क्षार जास्त असले की ते विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडली, तर मात्र बहुधा नत्र कमी पडलेलं असतं, आणि त्यावर ताकाचा उपयोग नाममात्र. ताकातलं नत्र प्रथिनांत अडकलेलं असतं. जिवाणूंनी ती फोडल्यावर मिळतं ते अगदी थोडं.

एक वाटी आंबट ताक दहा वाट्या पाण्यात, पंधरवड्यातून एकदा, आधीच ओल्या असलेल्या मातीत, हे माझं प्रमाण. ताक बिनमिठाचं हवं आणि लोणी पूर्ण काढलेलं. स्निग्धांश राहिला की मातीवर बुरशीचा पांढरा थर धरतो, आंबूस वास येतो आणि मुंग्या लागतात. ताक दिलेल्या कुंडीत नवी फूट पाण्यावरच्या कुंडीपेक्षा खरंच हिरवी आली, पण पुढची पालवी पुन्हा फिकट. ताकातलं आम्ल पाण्यातले क्षार काही प्रमाणात मारतं. उरलेलं मातीतले जिवाणू थोड्या दिवसांत खाऊन टाकतात. चुना मात्र जिथल्या तिथे राहतो.

म्हणून कढीपत्त्याच्या तिसऱ्या कुंडीवर हिराकस, म्हणजे लोह देणारं फेरस सल्फेट, वापरून पाहिला. लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम, वर थोडा लिंबाचा रस, आणि संध्याकाळी पानांवर बारीक फवारा. ताज्या द्रावणाचाच, कारण ठेवलं की ते तांबूस होतं आणि मग उपयोग नाही. दोन आठवड्यांत कोवळी पानं शिरांइतकी हिरवी दिसायला लागली. ताकाने असं कधी झालं नाही.

केळीच्या सालींच्या पाण्याबद्दल थोडक्यात सांगते. सालीत पालाश असतं आणि ते पाण्यात उतरतंही, पण एका सालीतलं सगळं धरलं तरी ते ग्रॅमच्या अंशाएवढंच. नत्र तर जवळपास नाहीच. मिरचीच्या दोन्ही कुंड्यांत मला फरक दिसला नाही, कारण शेणखत घातलेल्या मातीत पालाश आधीच पुरेसं होतं. उन्हाळ्यात फुलं गळली ती दोन्हीकडे सारखीच गळली. पाण्यातल्या साखरेवर चिलटं मात्र जमली. आता साली बारीक चिरून कंपोस्टच्या डब्यात टाकते. तिथे त्यांचं सगळंच वापरलं जातं.

गांडूळखताचा अर्क तिघांत मला सर्वांत उपयोगी वाटला. शंभर ग्रॅम पक्कं गांडूळखत जुन्या सुती कापडात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवायचं, मधूनमधून ढवळायचं आणि सकाळी मुळाशी ओतायचं. शिल्लक ठेवायचं नाही. मातीचा वास जाऊन सडका वास आला, तर ते पाणी कुंडीत घालू नये. कुंडीत रोवलेल्या मेथीची पानं पाण्यावरच्या मेथीपेक्षा रुंद आणि गडद आली. तरी एक लक्षात ठेवा. शंभर ग्रॅम खतात आहे त्याहून जास्त अर्कात येऊच शकत नाही, आणि त्यातलं बरंचसं चोथ्यातच राहतं. म्हणून चोथाही त्याच कुंडीत पसरते. मातीवर थेट खत घालायला जागा असेल तर अर्काची खटपट करू नये. रोपं लहान असताना किंवा कुंडी काठोकाठ भरलेली असताना तो कामाला येतो. काहीजण त्यात गूळ घालतात. मी घालत नाही, कारण गुळावर चांगल्या जिवाणूंसोबत घातकही वाढू शकतात. कच्ची खायच्या कोथिंबिरीवर तर हा अर्क फवारूच नये.

पाऊस सुरू झाल्यावर मी कढीपत्त्याचं ताक आणि हिराकस दोन्ही थांबवलं. गच्चीच्या पन्हळीखाली पिंप ठेवलं आणि तेच पाणी कढीपत्त्याला दिलं. त्यात क्षार नसतात. श्रावणात आलेली फूट तिन्ही कुंड्यांत जवळजवळ सारखी हिरवी आहे. पिंप रिकामं होऊन बोअरचं पाणी पुन्हा सुरू झालं की शेंड्यांवर लक्ष ठेवीन, आणि शिरा हिरव्या, पान पिवळं दिसलं तरच हिराकस काढीन.