जिम्पमध्ये फोटोतली फरशी बदलणे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी खोल्यांच्या फोटोंमधली फरशी बदलायचं काम जिम्पमध्ये करतोय. घरमालकाला टाइल विकत घेण्याआधी त्याच्याच खोलीत ती कशी दिसेल हे दाखवायचं असतं, त्यामुळे 'साधारण अशी दिसेल' म्हणून भागत नाही.

सुरुवातीला नव्या टाइलचं चित्र पर्स्पेक्टिव्ह टूलने ताणून नजरेच्या अंदाजाने बसवायचो. जवळ ठीक वाटायचं, पण मागच्या भिंतीशी सांधे तिरके जायचे. आता अंदाज पूर्ण सोडला आहे. जुनी फरशी हीच मोजपट्टी मानतो.

एक उदाहरण सांगतो. खोलीत सांध्यासकट 60 सेंमीच्या चौरस टाइल होत्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत रुंदीत सहा, आणि कॅमेऱ्याच्या दिशेने पाच. म्हणजे 360 बाय 300 सेंमीचा आयत. पुढचे दोन कोपरे फोटोच्या बाहेर जात होते, म्हणून कॅनव्हास वाढवला आणि जुने सांधे सरळ रेषांनी पुढे नेऊन ते कोपरे शोधले. सोप्यात सोपं म्हणून एकाच टाइलचे चार कोपरे धरू नका. तिथली दोन पिक्सेलची चूक भिंतीपर्यंत जाताना कितीतरी पटींनी वाढते. त्याहीआधी लेन्सचा फुगवटा काढून घ्या. स्कर्टिंगच्या कडेला सरळ रेषा धरली की तो लगेच कळतो.

मग फरशीच्या लेयरची प्रत घेऊन पर्स्पेक्टिव्ह टूलमध्ये `Corrective` दिशा आणि `Clip` निवडली, आणि चार हँडल त्या चार कोपऱ्यांवर ठेवले. फरशी वरून पाहिल्यासारखी सपाट झाली. तो लेयर 3600 बाय 3000 पिक्सेल केला, म्हणजे एक पिक्सेल एक मिलिमीटर. इथून पुढे सगळं साधं मोजमाप आहे. नवी टाइल 800 मिमी, सांधा 3, म्हणून दर 803 पिक्सेलला रेषा. रुंदीत चार टाइल बसून 388 उरले, म्हणजे कडेला जवळपास अर्धी टाइल. हे उरलेलं 50-60 मिमी आलं असतं, तर मी सुरुवातीची रेषा सरकवली असती. भिंतीलगत अशी चिंधीसारखी पट्टी कुठलाही चांगला कारागीर ठेवत नाही, आणि फोटोत ती फार डोळ्यांत भरते. नवी जाळी त्याच चार कोपऱ्यांवर `Normal` दिशेने परत बसवली की झालं.

बसलं की नाही हे कसं ओळखायचं? एका जुन्या टाइलचा कर्ण क्षितिजरेषेपर्यंत वाढवा, मग नव्या टाइलचा त्याच दिशेचा कर्ण वाढवा. दोन्ही टाइल चौरस आणि सांधे एकाच दिशेचे असतील, तर दोन्ही रेषा एकाच बिंदूत मिळतात. नाही मिळाल्या, तर लांबी-रुंदीचं प्रमाण कुठेतरी चुकलंय. सांधे कितीही सरळ दिसोत, मी ही चाचणी चुकवत नाही.

खरा वेळ सावल्यांना लागतो. जुन्या फरशीवर तिच्या उजळ, सावली नसलेल्या भागाच्या रंगाचा लेयर `Divide` मोडने ठेवला, की टाइलचा रंग निघून फक्त उजेड-सावली उरते. ती नव्या टाइलवर `Multiply` ने चढवायची. त्याआधी इमेजची प्रिसिजन 32-बिट फ्लोटिंग पॉइंट करा, नाहीतर त्या रंगाहून उजळ जागा कापल्या जातात. अडचण अशी की जुने सांधेही या थरात फिकट भुतासारखे उरतात. मीडियन ब्लर ते पुसतो, पण मूळ फोटोत जवळचा सांधा जाड आणि लांबचा बारीक असतो, त्यामुळे एकच त्रिज्या चालत नाही. म्हणून ब्लर मी सपाट केलेल्या फरशीवर देतो आणि मग तो थर परत फोटोत बसवतो. तिथे सांध्यांची जाडी जवळपास सारखी असते. वरच्या खोलीत ते साधारण 6 पिक्सेल दिसत होते आणि 10 ची त्रिज्या पुरली.

या ब्लरमध्ये खुर्चीच्या पायाशी चिकटलेली बारीक गडद सावलीही जाते, आणि ती गेली की खुर्ची तरंगायला लागते. तेवढी जागा मास्कने वगळून तिथले सांधे हाताने क्लोन करून काढतो. फर्निचरच्या दर फोटोमागे अर्धा तास यातच जातो, आणि मला तो योग्य वाटतो.

चकचकीत जुन्या फरशीवर मात्र ही पद्धत अडते. खिडकीचं प्रतिबिंब भागाकारात उजेड म्हणून मोजलं जातं आणि नवी मॅट टाइलही चमकायला लागते. सावली उजेडाच्या विरुद्ध बाजूला पडते, तर प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली उलटं लटकतं, त्यावरून दोन्ही वेगळे ओळखता येतात. पण एकमेकांवर पडले असतील, तर मला ते आजवर स्वच्छ सोडवता आलेले नाहीत. अशा खोलीचा फोटो मी खिडकीचा पडदा ओढून पुन्हा काढायला सांगतो.