हायकू की गझल? आधी बोटं मोजा

एकच विषय घेतला, सांगलीत कृष्णेचं पाणी घाटावर चढतं ना, तो. आणि दोन्ही लिहून बघितलं. हायकू पहिला, कारण वाटलं तीन ओळी, पाच-सात-पाच अक्षरं, चहा गार व्हायच्या आत होईल. (जोडाक्षर एकच धरायचं. मराठीत बरेचजण अक्षरं मोजत नाहीत, नुसतं यमक जुळवतात, पण नियम पाळायचाच तर पाळू म्हटलं.)

पाणी ओसरे
घाटपायरीवर
एकटी चप्पल

शेवटच्या ओळीत सहा अक्षरं झाली, पण खरी गडबड 'एकटी'ची होती, ते वाचणाऱ्याला वाटायला हवं आणि मी आधीच सांगून मोकळा. मग 'ओली चप्पल' केलं, अक्षरं पाच आणि नुसती दिसणारी वस्तू राहिली. एवढ्या एका शब्दाला दोन दिवस गेले राव.

गझलेचं दुखणं वेगळं. मतला, म्हणजे पहिला दोन ओळींचा शेर, असा आला:

पावसाने घाट सारा भरत आहे
ओळखीची वाट मागे सरत आहे

शेवटी तसाच येणारा 'आहे' हा रदीफ, त्याआधी यमक जुळवणारे भरत-सरत हे काफिये, आणि प्रत्येक ओळ गालगागा तीन वेळा, 'गा' म्हणजे दोन मात्रांचा गुरू, 'ल' म्हणजे एका मात्रेचा लघू, अशा २१ मात्रा, 'भर'सारखे दोन लघू मिळून एक गुरू धरलेत. इथपर्यंत मजेत. पुढच्या शेरात लिहिलं 'मी कुणाच्या अंगणी या फिरत आहे', मात्रा चोख, कानालाही बरं लागतं, पण चूक! भरत-सरतमध्ये 'रत'च्या आधी 'अ' आहे, फिरतमध्ये 'इ' आली, म्हणजे अलामत, तो आधीचा ठरलेला स्वर, मोडली. मतल्यात जे ठरलं ते शेवटपर्यंत बांधून घेतं. म्हणून बदललं:

माणसे गेली घराला सर्व ओली
मी कुणाचा हात अजुनी धरत आहे

आणि बघा, हात धरायची कल्पना मला आधी नव्हतीच, ती काफियानं आणून दिली, गझलेत हे सारखं होतं. हायकूत असं कुणी काही आणून देत नाही, तिथं जे डोळ्यानं बघितलं तेवढंच भांडवल.

तर तुमच्याकडे एखादं दृश्य असेल, पायरी, चप्पल, हळदीचं पोतं, काहीही, तर हायकू घ्या. एखादं वाक्य डोक्यात घोळत असेल तर गझल, पण मतला पक्का करायच्या आधी कागदावर काफिये काढा. माझे करत, ठरत, हरत, विसरत असे आठ-दहा निघाले म्हणून बरं, किमान पाच शेर लागतात आणि प्रत्येक शेर आपापला उभा राहायला हवा. तीनच निघाले तर काफियाच बदला, नाहीतर चौथ्या शेरात ओढूनताणून शब्द बसवाल आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

माझी गझल अजून चार शेरांवरच अडकलीय, हायकू मात्र झाला.