पुणे ते पाचगणी सायकलवर: जेल, साखरपाण्याची बाटली की खजूर-केळी?

शनिवारी पहाटे कात्रजच्या जुन्या घाटाने निघायचं, खंबाटकी चढायचा, सुरूर फाट्यावरून वाईला वळायचं आणि शेवटी पसरणीचा घाट. अंतर सुमारे १०० किलोमीटर आणि सायकलवरचा वेळ साधारण साडेपाच तास. या राइडची अडचण अशी की सर्वांत लांब चढ अगदी शेवटी येतो. स्नायू आणि यकृतात मिळून ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, साठलेलं असतं, आणि वाईला पोहोचेपर्यंत त्यातलं बरंच संपलेलं असतं. म्हणून खाण्याचा निर्णय आदल्या रात्रीच व्हायला हवा. वाटेत भूक लागली की बघू, असं ठरवलं तर उशीर झालेला असतो.

आधी आकडा ठरवू. अडीच तासांपेक्षा लांब राइडला तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हे चांगलं लक्ष्य आहे. नुसतं ग्लुकोज घेतलं तर आतडं तासाला साधारण ६० ग्रॅमच शोषू शकतं, कारण त्याची एकच वाट असते. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे. दोन्ही एकत्र घेतली तर सवय असलेले रायडर ९० ग्रॅमपर्यंत जातात. आपली रोजची साखर अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोज असते, त्यामुळे या कामाला ती नुसत्या ग्लुकोज पावडरपेक्षा जास्त उपयोगी पडते. साडेपाच तासांना ६० प्रमाणे ३३० ग्रॅम लागतात. हे ३३० ग्रॅम कशातून आणायचे, एवढंच ठरवायचं आहे. जेल म्हणजे छोट्या पाकिटात मिळणारा दाट गोड पाक.

| | एका नगात किंवा बाटलीत कर्बोदकं | कुठे जमतं | कुठे अडतं |
|---|---|---|---|
| जेल | २० ते २५ ग्रॅम | चढावर, दमलेलं असताना | खर्च. सोबत साधं पाणी हवंच |
| साखर-मीठ-लिंबू, ७५० मिली | ६० ग्रॅम | पूर्ण राइडभर | चौथ्या तासाला गोड नकोसं होतं |
| खजूर, केळी | लहान खजूर ५-६, मध्यम केळं सुमारे २५ ग्रॅम | पहिले तीन तास, सपाट रस्ता | चढावर चावणं जड जातं |
| शेंगदाण्याची चिक्की | २५ ग्रॅमच्या तुकड्यात सुमारे १२ ग्रॅम | थांब्यावर | तेलामुळे पोटात रेंगाळते |

जेलचं खरं बळ सोयीत आहे. दहा सेकंदांत तोंडात जातं, चावावं लागत नाही, आणि धाप लागलेली असताना याला फार किंमत आहे. पण ३३० ग्रॅम फक्त जेलमधून घ्यायचे तर तेरा-चौदा पाकिटं लागतील. एक पाकीट शंभर रुपयांच्या आसपास धरलं तर एका सकाळचे तेराशे-चौदाशे रुपये झाले. जेलवर साखरपाणी पिणं ही चूक मी बऱ्याच जणांना करताना पाहिली आहे. दोन्ही मिळून पोटातलं द्रावण इतकं दाट होतं की ते पुढे सरकत नाही. पोट डबडबतं, पाणी खळखळल्यासारखं वाटतं, मळमळ सुरू होते. जेल घेतलं की त्यावर साधं पाणीच प्यावं.

साखरेच्या बाटलीकडे लोक दुर्लक्ष करतात, पण माझा मुख्य भरवसा तिच्यावरच आहे. ७५० मिली पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ म्हणजे साधारण दीड ग्रॅम, आणि एक लिंबू. हे आठ टक्क्यांचं द्रावण होतं. पोटाला सहज पेलण्याची मर्यादा साधारण तिथेच आहे, त्याहून दाट करू नका. साखर वजनकाट्यावर मोजा, चमच्याच्या अंदाजात फार फरक पडतो. साखर-मिठाच्या अशाच मोजलेल्या दोन पुड्या जर्सीच्या खिशात ठेवल्या की शिरवळला बाटल्या पुन्हा भरता येतात. तिथे लिंबू मिळालं नाही तरी चालतं.

ओआरएस प्यायलं की ताकद मिळते, हा गैरसमज इथे दूर करायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाच्या एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. त्यात सोडियम भरपूर आहे, इंधन जवळजवळ नाही. दोन पाकिटं पिऊनही पसरणीत पाय रिकामे पडले तर दोष पाकिटाचा नाही, ते जुलाबासाठी बनवलेलं आहे.

खजूर आणि केळी मला पहिल्या टप्प्यात आवडतात, कारण तोंडाला खाल्ल्यासारखं वाटतं. खजुराच्या बिया घरीच काढाव्यात. केळी खिशात चेंगरतात, म्हणून ती शिरवळला विकत घ्यावीत. गोडाचा कंटाळा येणाऱ्यांनी मीठ लावलेले छोटे उकडलेले बटाटे न्यावेत, शंभर ग्रॅमला सतरा-अठरा ग्रॅम कर्बोदकं मिळतात. मिसळ मात्र पाचगणीला पोहोचल्यावर. तिचं तेल पोटातून पुढे सरकायला वेळ घेतं, आणि समोर खंबाटकी उभा असतो.

पाण्याचा अंदाज स्वतःच्या घामावरूनच काढावा लागतो. एक तासाच्या राइडआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा ६२ किलोचे ६१.६ झाले आणि मधे अर्धा लिटर प्यायलात, लघवीला गेला नाहीत. म्हणजे घाम गेला ०.९ लिटर. साडेपाच तासांत तो पाच लिटरच्या जवळ जाईल. चार लिटर प्यायलात तर एक किलोची तूट राहते, वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत, आणि ती चालते. हा हिशोब नोव्हेंबरचा. एप्रिलमध्ये वजन पुन्हा करा, घाम बराच वाढलेला असेल.

उलट चूकही होते. भीतीपोटी लिटरच्या लिटर साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते, आणि राइडनंतर वजन वाढलेलं दिसतं. अशा वेळी आणखी पाणी देणं धोक्याचं. माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला तर थेट दवाखाना गाठावा.

आता माझी निवड. साखरेच्या चार बाटल्यांतून २४० ग्रॅम, आठ लहान खजुरांतून ४०-४८, दोन केळ्यांतून ५०. तीनशेतीस किंवा त्याच्या थोडं वर जातं. चार बाटल्यांचे तीन लिटर झाले, शिवाय एक लिटर साधं पाणी. पहिला खजूर कात्रजचा चढ संपताच, म्हणजे भुकेच्या बऱ्याच आधी, आणि मग दर वीस मिनिटांनी घोट किंवा घास. सुरूरच्या पुढे चावायचं काही नाही. दोन जेल फक्त राखीव: एक वाईत घाट सुरू होण्याआधी साध्या पाण्यासोबत, तेही चौथी बाटली नकोशी झाली असेल तरच. दुसरं सोबतच्या कोणासाठी. चिडचिड वाढली, हातापायांना कंप सुटला, समोरचं नीट दिसेना, तर तो साखर उतरल्याचा इशारा. ज्याला असं होईल त्याला थांबवून ते जेल द्यायचं आणि पंधरा मिनिटं सावलीत बसवायचं.

हा बेत करण्याआधी तीन-चार रविवार सिंहगड रस्त्यावर तासाला ४० ग्रॅमपासून सुरुवात करून ६० पर्यंत या. आतड्यालाही सराव लागतो, आणि पहिल्याच दिवशी ६० घेतले तर पोट बिघडण्याची शक्यता बरीच असते. मधुमेह असलेल्यांनी हे आकडे उचलू नयेत, औषधांच्या वेळा पाहून डॉक्टरांकडून आपले आकडे ठरवून घ्यावेत. आणि बाटल्या घरी पोहोचताच गरम पाण्याने घासा. साखरेच्या बाटलीच्या तोटीत दोन दिवसांत काळी बुरशी धरते.