रॉकेलचा कंदील की सुरुवातीचा विजेचा दिवा: वय कोणाचं नेमकं सांगता येतं?

जुने दिवे घ्यायचे म्हटलं की दोन गोष्टी सहज समोर येतात. एक रॉकेलचा कंदील, दुसरा पितळी खांबाचा विजेचा टेबल लॅम्प. दोन्हीबद्दल विकणारा सांगतो, ‘शंभर वर्षांपूर्वीचा आहे.’ एकच घ्यायचा असेल, आणि वय महत्त्वाचं असेल, तर कुठल्या दिव्यावरचा दावा हातात घेऊन तपासता येतो? माझं मत आधीच सांगतो: कंदिलाचा काळ मोठ्या पट्ट्यात पण भरवशाने कळतो. विजेच्या दिव्याचा काळ दहा-वीस वर्षांच्या आत आणता येतो, पण त्यासाठी दिवा उघडावा लागतो आणि त्याचा होल्डर मूळचाच असावा लागतो.

हा फरक का पडतो, ते आधी बघू. कुठलाही भाग आपल्याला ‘याच्या आधीचा नक्की नाही’ एवढंच सांगतो. बर्नरची एखादी रचना अमुक साली निघाली, म्हणजे तो बर्नर त्या सालानंतरचा. किती नंतरचा, हे ती रचना सांगत नाही. कंदिलाचा आराखडा एकदा चांगला बसला आणि पुढची कितीतरी दशकं जवळजवळ तसाच राहिला, त्यामुळे त्याची वरची मर्यादा ढिली असते. विजेचं सामान मात्र भराभर बदलत गेलं. तिथे मर्यादा घट्ट मिळते, पण तेच सामान लोक सर्वांत आधी बदलतात. मग आपण दिव्याचं वय काढतोय की दुरुस्तीचं, हा प्रश्न उभा राहतो.

कंदील: नळ्या कुठे जातात ते आधी बघा

कंदिलाच्या दोन बाजूंच्या नळ्या नुसत्या काच धरायला नसतात, त्या ज्योतीला हवा पुरवतात. ती हवा कुठून घेतात यावर दोन घराणी पडतात. पहिल्या प्रकारात काचेच्या तोंडावर घंटेसारखी टोपी असते. काचेतून वर आलेल्या गरम हवेचा काही भाग नळ्यांतून परत खाली बर्नरकडे येतो. जॉन अर्विन यांनी याचं पेटंट अमेरिकेत १८६९ साली घेतलं. गरम, वापरलेल्या हवेत प्राणवायू कमी, म्हणून ज्योत जरा मंद. दुसऱ्या प्रकारात धुराड्याभोवती एक रुंद, बसकी पेटी असते. ती बाहेरची ताजी हवा घेते आणि नळ्यांतून खाली सोडते. ही सुधारणा अर्विन यांचीच, १८७३ च्या सुमाराची. म्हणजे बसक्या पेटीचा कंदील कुणी १८६० चा म्हणून दाखवला तर पुढे बोलायची गरजच नाही.

याने खालची मर्यादा मिळाली. काळ आणखी आवळायला पत्र्यावरची अक्षरं वाचायची. अमेरिकन कंदिलांवर बरेचदा पेटंटच्या तारखांची ओळ ठोकलेली असते. त्यातली सर्वांत जुनी तारीख विकणारा वाचून दाखवतो, आपल्याला हवी असते ती सर्वांत अलीकडची. कंदील त्या तारखेच्या आधीचा असूच शकत नाही. पुढे मात्र सावध राहायचं, कारण त्या काळी पेटंटची मुदत १७ वर्षं होती आणि साचा बदलल्याशिवाय जुनी ओळ निघत नसे.

देशाच्या नावाची खूण याहून उपयोगी पडते. अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं, हा नियम १८९१ पासून लागू झाला. म्हणून त्या बाजारासाठी बनलेल्या कंदिलावर देशाचं नाव असणं ही साधारण त्यानंतरची खूण. आता फॉयरहांड या जर्मन कंदिलाचं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धाआधी तो सॅक्सनीतल्या बायरफेल्ड गावी बनत असे. युद्धानंतर ते गाव पूर्व जर्मनीत गेलं आणि कंपनी पश्चिम जर्मनीत होहेनलोकश्टेटला नव्याने उभी राहिली. टाकीवर किंवा टोपीवर ‘पश्चिम जर्मनी’ या अर्थाचा शिक्का असेल तर तो १९४९ ते १९९० या पट्ट्यातला धरायचा. कंदिलाच्या बाबतीत यापेक्षा स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

फसगत होते ती नुसतं ‘जर्मनी’ लिहिलेल्या कंदिलात. तो युद्धाआधीचा असू शकतो आणि १९९० नंतरचाही, कारण त्याच नावाचे कंदील आजही बनतात. इथे पत्रा बोलतो. जुन्या मालाला बहुधा कथलाचा मुलामा असे. तो काळपट होत जातो आणि नळीच्या वाकाशी, टाकीच्या शिवणीशी बारीक गंज धरतो. आजच्या मालावर जस्ताचा मुलामा किंवा भट्टीत भाजलेला रंग असतो. जस्ताच्या पृष्ठभागावर फुलांसारखे चकाकते ठिपके तिरप्या उजेडात स्पष्ट दिसतात.

काचेला आणि बर्नरला वयाचा पुरावा मानू नका. काच फुटते, बर्नर जळतो, आणि दोन्ही बदलायलाच केलेले असतात. बर्नरची चावी मात्र फिरवून बघा. वात वर ढकलणारी दातेरी चाकं झिजून गुळगुळीत झाली असतील तर दिवा खरोखर वापरलेला आहे. कोरे दाते आणि काळवंडलेली टाकी ही जोडी दिसली तर बर्नर नंतर आलेला.

विजेचा दिवा: चार जागा, चार तारखा

इथे पहिली जागा होल्डर. एडिसनचा आट्यांचा होल्डर १८८० च्या दशकाच्या सुरुवातीचा, आणि ब्रिटनमधला दोन खुंट्यांचा बायोनेटही त्याच दशकातला. सुरुवातीला अमेरिकेत थॉमसन-ह्यूस्टन आणि वेस्टिंगहाउस या कंपन्यांचे वेगळे होल्डरही चालत. पुढे तिथे एडिसनचे आटेच सगळीकडे रुळले. त्या दोघांपैकी एखादा जागेवर मिळाला, तर दिवा बहुधा १९०० च्या आसपासचा किंवा आधीचा, आणि ते मोलाचं आहे. ओढायची साखळी असलेला होल्डर अमेरिकन संशोधक हबेल यांच्या १८९६ च्या पेटंटनंतरचा. तपकिरी, जड, नखाने वाजवलं तर ठक्क आवाज देणारं बॅकेलाइट हे कृत्रिम प्लास्टिक १९०९ साली जाहीर झालं. ते असलेला होल्डर त्याआधीचा असणं शक्य नाही.

दुसरी जागा प्लग. वेगळा काढता येणारा प्लग हबेल यांनी १९०४ मध्ये आणला. त्याआधी टेबल लॅम्पची वायर सरळ बल्बच्या होल्डरमध्ये फिरवून बसवत. वायरच्या टोकाला आट्यांचा, बल्बच्या बुडासारखा जोड दिसला तर लगेच फेकू नका, ती जुनी पद्धत आहे.

तिसरी वायर. रबरावर विणलेलं सुती किंवा रेशमी वेष्टण जुनं दिसतं, पण तशी वायर आजही मिळते. म्हणून टोक थोडं उकलून आतला रबराचा थर बघा. जुनं रबर बोटात चुरा होतं. नव्या वायरीत वेष्टणाखाली लवचीक प्लास्टिक निघतं. आतल्या तारा तपकिरी आणि निळ्या असतील, तर वायर साधारण १९७० नंतरची. चुरा होणारी वायर असलेला दिवा प्लगात घालून बघू नका. वय बघायला वीज लागत नाही.

चौथी स्क्रू. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्याआधी नव्हता. हा नियम कंदिलालाही लागू आहे. मात्र एका स्क्रूवरून दिवा नाकारू नका. सगळ्या स्क्रूंची खाच सारखीच असेल, तरच ते मूळ जुळणीविषयी काही सांगतात.

बल्ब शेवटी. टोकाला काचेचा बारीक चिमटा असलेला बल्ब साधारण १९२० च्या आधीचा. पण बल्ब हा दिव्याचा भाग नाही, तो पाहुणा आहे. त्यावरून काळ ठरवू नये.

दोन्ही एकत्र आले तर

खरा पेच पडतो रॉकेलचा दिवा मागून विजेवर चढवलेला असतो तेव्हा. एक नमुना घेऊ. पितळी खांब, वर गोल टाकी, त्यावर दुहेरी वातीचा बर्नर, आणि त्या बर्नरच्या काच धरायच्या कडीत बॅकेलाइटचा होल्डर. विकणारा म्हणतो, ‘१८८० चा विजेचा दिवा.’

बर्नर फिरवून काढा. दोन सपाट वाती शेजारी शेजारी बसवायच्या दोन समांतर फटी दिसतील. हा ड्युप्लेक्स बर्नर बर्मिंगहॅमच्या हिंक्स यांनी १८६५ मध्ये आणला आणि पुढे बराच काळ इतरांनीही केला. फटींच्या ओठांवर काजळी भाजून बसली असेल तर इथे ज्योत जळलेली आहे. टाकीत टॉर्चचा उजेड टाका. रॉकेल वाळून भिंतीवर पिवळट, चिकट पातळ थर उरतो आणि वासही बरीच वर्षं जात नाही.

मग वायरीचं भोक शोधा. टाकीच्या कुशीत भोक असेल, त्याची कड आतून चकचकीत आणि भोवतालचं पितळ जुनं तपकिरी असेल, तर भोक नंतर पाडलेलं. मुळातच विजेसाठी घडवलेल्या दिव्याच्या पोटातून वरपासून खालपर्यंत आट्यांची पोकळ नळी जाते, साधारण १० मिलिमीटर जाडीची. वायर तळातून बाहेर पडते, आणि भोकाच्या कडेचा रंग भोवतालच्या पितळासारखाच असतो. म्हणून घेण्याआधी पितळाला पॉलिश करू देऊ नका. हा रंग गेला की पुरावा गेला.

आपल्या नमुन्यात काजळी आहे, टाकीत थर आहे, भोकाची कड नवी आहे. आतल्या तारा तपकिरी आणि निळ्या निघाल्या. तेव्हा दिवा १८६५ नंतरचा रॉकेलचा, होल्डर १९०९ नंतरचा, वायर १९७० नंतरची. या तीन तारखा वेगवेगळ्या लिहायच्या, त्यांची सरासरी काढायची नाही. ‘१८८० चा’ हे टाकी-बर्नरबद्दल शक्य आहे, ‘विजेचा’ हे त्या काळाबद्दल शक्य नाही. बर्नरवर कारागिराचं नाव सापडलं, आणि टाकीच्या गळ्याचा डाख कुठे उकलून पुन्हा दिलेला दिसत नसेल, तर बर्नर आणि टाकी एकत्रच जन्मली असं मानायला हरकत नाही.

आता निवड. दुकानात उभं राहून, काही न उघडता ठरवायचं असेल, तर शिक्का वाचता येणारा कंदील घ्या. हबेलची साखळी, आट्यांचं टोक, चुरा होणारं रबर असं एकमेकांशी जुळणारं सामान असलेला विजेचा दिवा मिळाला आणि विकणारा तो उघडून दाखवायला तयार असला, तर मी तो घेईन. विजेवर चढवलेला दिवा रॉकेलचा म्हणून, रॉकेलच्या भावात मिळत असेल तरच घ्यावा. पाडलेलं भोक बुजवता येतं, पण त्याची खूण जात नाही.